‘तुरळक’ वादळे आणि ‘सुसज्ज’ वाट : त्रे चीमेच्या प्रदक्षिणेसाठी केलेल्या भाषांतराचे प्रकरण

इटलीच्या ईशान्येला दोलोमिती पर्वतरांगेत त्रे चीमे दी लावारेदो हे तीन सुळके शेजारीशेजारी उभे आहेत. त्यांतला सर्वांत उंच सुळका 2,999 मीटरचा आहे. सुळक्यांवर चढणारे थोडे असतात. त्यांच्या पायथ्याने सुमारे 10 किलोमीटरची प्रदक्षिणा घालणारे मात्र उन्हाळ्यात मोठ्या संख्येने येतात आणि त्यांतल्या अनेकांना इटालियन वाचता येत नाही. पुणे आणि नाशिककडच्या, सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्या मंडळींचा एक गट जुलै महिन्यात तेथे जाणार होता. वाटेवरचे फलक आणि रोजचे हवामानपत्रक समजावे, यासाठी त्यांना मराठीत एक छोटी पत्रिका हवी होती. गटातल्या एका सदस्याने शब्दकोश पुढे ठेवून तिचा कच्चा मसुदा केला होता, आणि तो तपासण्याचे काम माझ्याकडे आले.

मसुद्यातले बहुतेक शब्द शब्दकोशाप्रमाणे बरोबर होते, तरीही त्यावर विसंबून गटाने आखलेला दिवसाचा कार्यक्रम धोक्याचा होता. अर्थ बरोबर आणि निर्णय चुकीचा, असे कशामुळे झाले हे या प्रकरणात पाहायचे आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे : डोंगरातल्या फलकांवरचे आणि पत्रकांतले अनेक शब्द हे कोणत्या ना कोणत्या ठरलेल्या श्रेणीतल्या पायऱ्या असतात. शब्दाबरोबर ती श्रेणी भाषांतरात आली नाही, तर वाचणारा तो शब्द आपल्या घरच्या मोजमापाने मोजतो.

वाट आणि कार्यक्रम

प्रदक्षिणेची सुरुवात मिझुरीना तलावाकडून वर येणाऱ्या पथकराच्या रस्त्याच्या शेवटी, रिफूजो आउरोंत्सो येथून होते. ही जागा सुमारे 2,320 मीटर उंचीवर आहे. तेथून 101 क्रमांकाची रुंद वाट रिफूजो लावारेदोवरून फोर्चेल्ला लावारेदो या 2,454 मीटर उंचीच्या खिंडीत चढते आणि पलीकडच्या उत्तर अंगाने रिफूजो लोकातेल्लीला पोहोचते. हा टप्पा साधारण सव्वा ते दीड तासाचा आहे. लोकातेल्लीहून 105 क्रमांकाची वाट खाली उतरून, पुन्हा चढून, सुळक्यांच्या पश्चिमेकडून आउरोंत्सोला परत आणते. या वाटेत कुठेही दोर लागत नाही.

गटाला मात्र प्रदक्षिणेत एक भर घालायची होती. लोकातेल्लीच्या डोक्यावर पातेर्नो हा 2,744 मीटरचा डोंगर आहे. पहिल्या महायुद्धात इटालियन आणि ऑस्ट्रियन सैन्यांची आघाडी येथूनच जात होती आणि सैनिकांनी पातेर्नोच्या पोटात भुयारे खोदली होती. त्या भुयारांतून वर जाणारी वाट आज खुली आहे. गटाचा बेत असा होता की सकाळी आरामात निघावे, लोकातेल्लीला जेवावे, दुपारी एकच्या सुमारास भुयारांतून वर जावे आणि संध्याकाळपर्यंत आउरोंत्सोला परतावे.

फलकांवरचे शब्द

इटलीत डोंगरवाटांच्या खुणा आणि अवघडपणाची वर्गवारी यांचा मूळ आराखडा 1863 साली स्थापन झालेल्या क्लुब आल्पीनो इतालियानो या गिर्यारोहण संस्थेचा आहे. दगडांवर आणि झाडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात, त्यांत जागोजागी वाटेचा क्रमांक असतो, आणि फाट्यांवरच्या बाणफलकांवर ठिकाणाचे नाव व लागणारा वेळ लिहिलेला असतो. वर्गवारी चार अक्षरसंचांत आहे : टी, ई, ईई आणि ईईए. टी म्हणजे फिरायला येणाऱ्या कोणालाही जमेल अशी वाट, तर ई म्हणजे नेहमीच्या पदभ्रमणाची वाट.

ईईचे पूर्ण रूप ‘एस्कुर्सियोनिस्ती एस्पेर्ती’ असे आहे. मसुद्यात त्याचे भाषांतर ‘अनुभवी पदभ्रमणकारांसाठी’ असे होते. त्यात शब्दाची चूक नाही, पण ज्याने हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केली आहे, तो मनुष्य स्वतःला अनुभवीच समजणार, आणि त्यात त्याचे काही चुकतही नाही. मूळ वर्गवारी मात्र माणसाच्या अनुभवापेक्षा जमिनीविषयी अधिक सांगते : उतार तीव्र असेल, पायाखालचा भाग निसरडा किंवा सुटा असेल, एका बाजूला खोल दरी असेल, जुना बर्फ ओलांडावा लागू शकेल. म्हणून पत्रिकेत मी ‘अनुभवी’ हा शब्द वगळला आणि ‘एका बाजूला दरी असलेली, घसाऱ्याची किंवा हात लावून चढण्याची वाट; पाय स्थिर हवा आणि उंचीची भीती नको’ असे लिहिले.

ईईए हा संच याहून महत्त्वाचा होता, कारण पातेर्नोची वाट या वर्गात येते. त्यातला शेवटचा ‘ए’ म्हणजे साधनसामग्रीसह. फलकांवर अशा वाटेला ‘सेन्तिएरो आत्रेत्सातो’ किंवा ‘विया फेर्राता’ म्हणतात. मसुद्यात सेन्तिएरो आत्रेत्सातोचे ‘सुसज्ज वाट’ असे झाले होते. मराठी वाचकाला सुसज्ज म्हटल्यावर सुसज्ज रुग्णालय आठवते, म्हणजे सगळ्या सोयी असलेली जागा. गटातल्या साठीच्या एका काकांनी पत्रिका वाचून समाधानाने विचारले होते, ‘‘म्हणजे रेलिंग वगैरे असणार ना? मग आपण सगळेच जाऊ.’’ वस्तुतः आत्रेत्सातो याचा अर्थ इतकाच की कड्याला पोलादी दोर, लोखंडी पायऱ्या किंवा शिड्या ठोकलेल्या आहेत, आणि त्या का ठोकल्या, तर त्यांच्यावाचून तेथून जाणे धोक्याचे आहे म्हणून. त्या दोराला स्वतःला अडकवून चालायचे असते. त्यासाठी कमरेचा हार्नेस, धक्का शोषणारी दुहेरी दोरी आणि हेल्मेट लागते. पातेर्नोच्या भुयारांसाठी डोक्यावरचा दिवाही लागतो. पत्रिकेत शेवटी ‘दोर-शिड्यांची कड्यावरची वाट, हार्नेस, दुहेरी दोरी आणि हेल्मेट नसेल तर प्रवेश करू नये’ असे लिहिले. या एका ओळीनंतर गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी भुयारांचा बेत आपण होऊन सोडला.

जमिनीच्या रूपांना मात्र मराठीत नेमके शब्द आहेत आणि ते पुस्तकी शब्दांपेक्षा सह्याद्रीतल्या भटक्यांच्या बोलण्यात सापडतात. फोर्चेल्ला म्हणजे खिंड. गियायोने म्हणजे घसाऱ्याचा उतार. कानाले म्हणजे नाळ किंवा घळ. चेन्जा म्हणजे कड्याच्या पोटातून जाणारी आडवी अरुंद पट्टी, जिला आपल्याकडे सर्रास ट्रॅव्हर्स म्हणतात. येथे जपायचा भेद एकच होता. ‘फ्राना’ म्हणजे दरड कोसळणे, आणि ‘कादूता सास्सी’ म्हणजे वरून सुटे दगड येणे. मसुद्यात दोन्हींना ‘दरड’ म्हटले होते. फ्राना लिहिलेला फलक बहुधा पुढची वाट तुटली आहे असे सांगतो. कादूता सास्सीचा फलक वाट शाबूत असलेल्या जागीही असतो, आणि तेथे थांबू नका, जेवायला बसू नका, असे त्यातून समजायचे असते. घाटरस्त्यावर ‘दरडप्रवण क्षेत्र’ वाचून गाडी तशीच पुढे नेण्याची आपल्याला सवय झालेली आहे. म्हणून दुसऱ्या फलकाचे भाषांतर ‘वरून दगड सुटतात, येथे थांबू नका’ असे सरळ केले.

मुक्कामाच्या जागांचे शब्दही निर्णयाचे असतात. रिफूजो म्हणजे माणसांनी चालवलेले, जेवण आणि अंथरूण मिळणारे घर. बिवाक्को म्हणजे कोणी राहत नसलेली, आडोशापुरती पेटी किंवा खोली. तेथे स्वयंपाकघर नसते. मालगा म्हणजे उन्हाळ्यात गुरे घेऊन वर आलेल्यांचा वाडा, जेथे हंगामात चीज, दूध, कधी जेवण मिळते, पण मुक्काम मिळेलच असे नाही. शब्दकोश पहिल्या दोघांनाही ‘आश्रयस्थान’ म्हणतो, आणि संध्याकाळी भुकेला माणूस बिवाक्कोच्या दारात पोहोचला की त्याला हा फरक कळतो.

वेळेचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण गट खोळंबतो तो त्यानेच. फलकावर 1.30 असे लिहिलेले असते. ते दीड तास असते, एक पूर्णांक तीन दशांश तास नव्हे. त्यात विश्रांती, छायाचित्रे आणि चहा धरलेला नसतो. पत्रिकेत मी फलकावरच्या वेळेत एक तृतीयांश मिळवावा असे सुचवले. हा माझा अंदाज आहे, फलक लावणाऱ्यांचा नियम नव्हे.

एका जागेची दोन नावे

भाषांतर करताना ठिकाणांची नावे भाषांतरित करायची नाहीत हे उघड आहे, कारण माणसाला ते नाव फलकावर शोधायचे असते. या वाटेवर मात्र एक अडचण आहे. आउरोंत्सोची बाजू वेनेतो प्रदेशात, बेल्लूनो प्रांतात येते, आणि लोकातेल्लीची बाजू आल्तो आदिजे म्हणजे बोल्त्सानो या स्वायत्त प्रांतात, जेथे इटालियनबरोबर जर्मनही अधिकृत भाषा आहे. खिंड ओलांडली की फलक दोन भाषांत होतात. त्रे चीमेचे नाव द्राय त्सिनेन होते, लोकातेल्लीचे द्रायत्सिनेनह्युटं होते, आणि पातेर्नोचे पाटर्नकोफेल होते. इटालियन नावे पाठ करून आलेल्या माणसाने जर्मन नाव वरच्या ओळीत पाहिले की आपण भलत्याच वाटेला लागलो असे त्याला वाटू शकते. पत्रिकेत प्रत्येक ठिकाणाची दोन्ही नावे, फलकावर दिसतात त्या स्पेलिंगसह, एकाच चौकटीत घातली, आणि शेजारी वाटेचा क्रमांक मोठ्या आकड्यात दिला. नावापेक्षा क्रमांकावर भरवसा ठेवावा, असे मी गटाला सांगितले, कारण क्रमांकाला भाषा नसते.

दोन प्रांत म्हणजे हवामानाच्या इशाऱ्यांची दोन कार्यालयेही असतात. वेनेतोच्या बाजूला आर्पाव ही प्रादेशिक पर्यावरण संस्था ‘दोलोमिती मेतेओ’ नावाचे डोंगरी हवामानपत्रक काढते. बोल्त्सानो प्रांत स्वतःचे पत्रक काढतो. ढगाला ही सीमा माहीत नसल्याने गटाने दोन्ही पाहावीत असे ठरले. दोन्हींत मतभेद दिसला तर वाईट बाजूचे खरे धरायचे.

पत्रकातले एक वाक्य

या प्रकरणाचा गाभा येथे आहे. आदल्या दिवशीच्या पत्रकातले वाक्य साधारण असे होते. आशय तोच ठेवून मी ते थोडे सोपे केले आहे : सकाळी ऊन. ‘ओरे चेन्त्राली’पासून ढगांची वाढ, ‘रोवेश्शी ए तेम्पोराली इझोलाती’, ‘लोकाल्मेन्ते आन्के इन्तेन्सी’. उंचावर नैर्ऋत्येचे ‘मोदेराती’ वारे. ‘झेरो तेर्मिको’ 3,900 वरून 3,400 मीटरपर्यंत खाली.

गटाच्या मसुद्यात त्याचे असे रूप झाले होते : ‘सकाळी ऊन, दिवसाच्या मध्यभागी ढग, नंतर तुरळक सरी व वादळे, स्थानिक पातळीवर तीव्र, मध्यम वारा.’ हे वाचून कोणाही मराठी माणसाला दिवस ठीकठाक वाटेल. गटप्रमुखांनी तसे म्हटलेही : ‘‘ताई, तुरळकच तर म्हटलंय. आम्ही जूनमध्ये वासोट्याला गेलेली माणसं.’’

‘इझोलाती’ला ‘तुरळक’ म्हणणे चूक नाही. भारतीय हवामान विभागाच्या मराठी अंदाजातही ‘तुरळक ठिकाणी’ हा ठरलेला शब्द आहे. एखाद्या विभागातल्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तेव्हा तो वापरतात, आणि त्याच्या वर ‘काही ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’ अशा पायऱ्या चढत जातात. इटालियनमध्येही इझोलाती, स्पार्सी, दिफ्फूझी अशी चढती माळ आहे. दोन्हीकडे हा शब्द पाऊस किती जागा व्यापेल हे सांगतो. तो किती जोराचा असेल याविषयी त्यात काहीही नसते. घोटाळा असा की रोजच्या मराठीत तुरळक म्हणजे विरळ, किरकोळ, दुर्लक्ष करण्याजोगे. ‘ठिकाणी’ हा शब्द गळाला की व्याप्तीचा शब्द जोराचा होऊन बसतो. ‘तुरळक ठिकाणी’ आणि ‘तुरळक सरी’ यांत हवामानशास्त्राच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

‘लोकाल्मेन्ते’चेही तसेच. ‘स्थानिक पातळीवर’ हे मराठीत ग्रामपंचायतीच्या कारभाराचे शब्द वाटतात. पत्रकाला सांगायचे होते ते असे की वादळ एखाद-दुसऱ्याच डोंगरावर होईल, पण ज्या डोंगरावर होईल तेथे ते जोरदार असू शकेल. ‘ओरे चेन्त्राली’ म्हणजे दुपारच्या आसपासचे तास. ‘दिवसाच्या मध्यभागी’ असे म्हटल्याने वाचणाऱ्याला निघण्याची वेळ ठरवता येत नाही, ‘साधारण अकरा-बारा वाजल्यापासून’ म्हटल्याने ती ठरवता येते. येथे मी मुद्दाम घड्याळाचा आकडा घातला आणि तो अंदाजाचा आहे हे तेथेच लिहिले.

‘तेम्पोराले’ला वादळ म्हणावे की नाही, यावर थोडा विचार करावा लागला. किनाऱ्यावरच्या वाचकाला वादळ म्हटले की चक्रीवादळ दिसते. तेम्पोराले म्हणजे विजा, गडगडाट, झोडपणारा पाऊस आणि बहुधा गारा. वैशाखातल्या वळवासारखा, दिवसभर तापलेल्या हवेतून दुपारनंतर उभा राहणारा. वळीव हा शब्द अर्थाने जवळचा आहे, पण त्याच्याबरोबर मातीच्या वासाचा आनंद येतो, आणि 2,600 मीटरवर पोलादी दोर हातात धरलेल्या माणसाला तो आनंद परवडत नाही. शेवटी ‘विजांसह जोरदार पाऊस’ हा सरकारी अंदाजातला कोरडा शब्दप्रयोगच घेतला, आणि त्यात विजा आधी ठेवल्या.

झेरो तेर्मिकोचा उल्लेख मसुद्यात गाळला होता, कारण तो कोणाला समजला नव्हता. डोंगरावरच्या मोकळ्या हवेत तापमान ज्या उंचीवर शून्य अंशावर येते ती ही उंची. बर्फ सहसा त्याच्याही काहीशे मीटर खालपर्यंत पडू शकतो. 3,400 मीटरचा आकडा या वाटेसाठी बर्फाच्या दृष्टीने चिंतेचा नव्हता. पण एका दिवसात तो 500 मीटर खाली येणार होता, म्हणजे थंड हवा आत येत होती, आणि तापलेल्या डोंगरावर थंड हवा आली की ढग उंच चढतात. वाक्यातला हा शेवटचा, निरुपद्रवी दिसणारा तुकडा आधीच्या तुकड्याला दुजोरा देत होता.

सगळे मिळून पत्रिकेत हे उतरले : ‘सकाळी ऊन. साधारण अकरा-बारानंतर ढग वाढतील आणि एखाद-दुसऱ्या डोंगरावर विजांसह जोरदार पाऊस होईल. कोणत्या डोंगरावर हे आधी सांगता येत नाही. वादळाजवळ वारा एकदम वाढू शकतो. हवा थंड होत जाणार. अकराच्या आत खिंड आणि दोराच्या जागा मागे पडलेल्या असाव्यात.’ शेवटचे वाक्य मूळ पत्रकात नाही. ते मी वेगळ्या ओळीत, ‘सूचना’ या शब्दाखाली दिले, कारण हवामानकाराचे म्हणणे आणि भाषांतर करणाऱ्याचे म्हणणे एकाच परिच्छेदात मिसळले, तर दुसऱ्या दिवशी काय बदलले हे वाचणाऱ्याला कळत नाही.

पिवळा रंग, ‘सामान्य’ इशारा

त्याच दिवशी वेनेतोच्या उत्तरेकडील आल्तो पियावे क्षेत्रासाठी नागरी संरक्षण यंत्रणेचा पिवळा इशारा होता. इटलीत हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंग आहेत, आणि पिवळ्याला पूर्वापार ‘क्रितिचिता ओर्दिनारिया’, नारिंगीला ‘मोदेराता’ आणि लालला ‘एलेवाता’ असे शब्द जोडलेले आहेत. मसुद्यात ‘सामान्य स्तराचा इशारा’ असे लिहिले होते. सामान्य स्तर म्हणजे काहीच नाही, असा सरळ निष्कर्ष कोणीही काढेल. त्यात मुंबई-पुण्याच्या माणसाला पावसाळ्यात पिवळा इशारा इतक्या वेळा मिळतो की तो रंग त्याला दिसेनासा होतो.

‘ओर्दिनारिया’ हा शब्द धोका नगण्य आहे असे सांगत नाही. या भागात नेहमी घडणाऱ्या प्रकारच्या घटना, म्हणजे ओढ्यातून अचानक चिखल-दगडांचा लोंढा येणे, वीज पडणे, लहान दरडी, या अपेक्षित आहेत, असे तो सांगतो. ‘नेहमीच्या’ घटना येथे किती जड असतात, हे जवळच्या सान वीतो दी कादोरे गावाने 4 ऑगस्ट 2015 रोजी पाहिले. तेव्हा मुसळधार पावसाने आलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्यात तिघांचा जीव गेला. आणखी एक गोष्ट पाहुण्यांना कोणी सांगत नाही : इटलीच्या राष्ट्रीय पद्धतीत केवळ गडगडाटी वादळांसाठीचा इशारा नारिंगीपर्यंतच जातो, त्याला लाल रंग नाही. लाल दिसेपर्यंत निर्धास्त राहणारा माणूस वादळांच्या बाबतीत कधी न येणाऱ्या रंगाची वाट पाहत असतो. पत्रिकेत ‘सामान्य’ हा शब्द कुठेही ठेवला नाही; ‘पिवळा : अशा वादळांची शक्यता आहे, उघड्या धारेवर व ओढ्याच्या पात्रात दुपारी राहू नये’ असे लिहिले.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. हा रंग संपूर्ण क्षेत्रासाठी आणि मुख्यतः गावे, रस्ते, नद्या यांच्यासाठी ठरवलेला असतो. हिरव्या दिवशीही एकट्या डोंगरावर वीज पडू शकते. डोंगरावर जाणाऱ्याने आधी हवामानपत्रक वाचावे आणि मग रंग पाहावा. मसुद्यात हा क्रम नेमका उलटा होता.

‘मोदेरातो’ या शब्दाने तर स्वतंत्र चौकट मागितली. वाऱ्याला मोदेरातो म्हटले तर तो खरोखर मध्यम असतो. नागरी इशाऱ्यात मोदेराता म्हणजे नारिंगी, लालच्या अगदी खालचा. हिमस्खलनाच्या पाच पायऱ्यांत मोदेरातो ही दुसरी पायरी आहे. एका शब्दाला तिन्ही ठिकाणी ‘मध्यम’ लिहिले, तर तीन वेगवेगळे धोके एकसारखे दिसतात. म्हणून पत्रिकेत जेथे श्रेणी आहे तेथे शब्दाआधी आकडा दिला : ‘पाचपैकी 2’, ‘चार रंगांपैकी तिसरा’.

बंद वाटेचा फलक

बंदीच्या फलकांत जोराचे अंश असतात. ‘स्कोन्सिल्यातो’ म्हणजे जाऊ नये असा सल्ला. ‘इन्तेर्रोत्तो’ म्हणजे वाट प्रत्यक्षात तुटलेली आहे. ‘क्यूझो’ आणि ‘दिव्येतो दी त्रान्सितो’ म्हणजे बंदी, आणि खाली ‘ओर्दिनान्त्सा’ असा शब्द व क्रमांक असेल तर ती महापौरांच्या आदेशाने घातलेली बंदी आहे. मोडली तर दंड होऊ शकतो. मराठीत यांना ‘कृपया या वाटेने जाऊ नये’ असे एकसारखे मृदू रूप देण्याचा मोह होतो, आणि मसुद्यात तसे झालेही होते. मी ‘कृपया’ सगळीकडून काढले. शिवाय कोणत्या फाट्यापासून कोणत्या फाट्यापर्यंत बंदी आहे, हा मजकूर फलकावर असतो आणि तोच बहुधा लहान अक्षरांत असतो. त्याचे क्रमांक जसेच्या तसे उतरवून घ्यावेत, असे सांगितले.

भाषांतराची मर्यादाही येथे नोंदवणे भाग आहे. जुलै 2025 च्या अखेरीस सान वीतो दी कादोरेजवळ दरडींमुळे बंद केलेल्या वाटेवर एक ब्रिटिश पर्यटक शिरला. त्याला हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले आणि 14,225 युरोंचे बिल लावले गेले. इशाऱ्याचे फलक इटालियनबरोबर इंग्रजीतही होते, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. म्हणजे भाषा समजूनही माणूस पुढे जातो. नुसत्या ‘बंद’ या शब्दाला आपण सगळे ‘बहुधा अजून काढायचा राहिलेला फलक’ असे समजतो. त्यामुळे पत्रिकेत बंदीच्या प्रत्येक शब्दापुढे कारण वाचायला शिकवणारे चार-पाच शब्द घातले, फ्राना, कादूता सास्सी, नेवे म्हणजे बर्फ, लावोरी म्हणजे दुरुस्तीचे काम. कारण कळले की बंदी पटते.

प्रत्यक्ष दिवस

गट पहाटे निघून सातच्या आधी आउरोंत्सोहून चालू लागला. हार्नेस भाड्याने आणलेले चौघे पातेर्नोला जाण्यास तयार होते. लोकातेल्लीच्या दारावर हाताने लिहिलेला एक कागद होता, त्याचे छायाचित्र त्यांनी मला पाठवले : ‘कानाले आन्कोरा इन्नेवातो, नेचेस्सारी राम्पोनी.’ नाळेत अजून बर्फ आहे, बुटांना लावायचे काटे आवश्यक. असा कागद कोणत्याही पत्रिकेत आधी येऊ शकत नाही, पण त्यातले चारही महत्त्वाचे शब्द पत्रिकेच्या शब्दसूचीत होते, आणि माझे उत्तर पोहोचण्याआधीच चौघांनी काटे नाहीत म्हणून बेत सोडला होता. सगळे 105 च्या वाटेने परतले आणि साडेअकराच्या सुमारास आउरोंत्सोला होते.

वादळ त्या दुपारी झाले, पण दक्षिणेकडच्या कादीनी दी मिझुरीना रांगेवर. त्रे चीमेवर चार थेंब पडले. गटातल्या काहींनी ‘‘उगाच घाई केली’’ असे ऐकवले. अंदाज मात्र चुकला नव्हता. एखाद-दुसऱ्या डोंगरावर होईल असे म्हटले होते, आणि ते शेजारच्या डोंगरावर झाले होते. भाषांतराचे मूल्यमापन त्या दिवशी पाऊस पडला की नाही यावरून करता येत नाही. त्यासाठी मी दुसरी पद्धत वापरते : पत्रिका ज्याने लिहिलेली नाही अशा माणसाला एक ओळ वाचायला द्यायची आणि तिचा अर्थ न विचारता ‘‘मग तुम्ही किती वाजता निघाल आणि कुठून मागे फिराल?’’ असे विचारायचे. ‘तुरळक वादळे’ वाचून लोकांनी नऊ-दहाची वेळ सांगितली होती; नवी ओळ वाचून सहा-सातची सांगितली.

पत्रिकेच्या पहिल्या पानावर आता दोन सूचना आहेत. हवामानपत्रकाचे भाषांतर फक्त त्यावर लिहिलेल्या तारखेपुरते धरावे, आणि वाट खुली आहे की नाही हे रिफूजोच्या चालकाला विचारावे. त्यासाठी ‘ए अपेर्तो इल सेन्तिएरो?’ हा प्रश्न आणि पुढे वाटेचा क्रमांक पुरतो. हिवाळ्यासाठी ही पत्रिका वापरू नये, असेही तेथे लिहिले आहे. तेव्हा हिमस्खलनाचे पत्रक मुख्य होते, आणि त्यातल्या पाचपैकी 3 या ‘मार्कातो’ पायरीला मधली म्हणून मध्यम समजणे, हा त्या श्रेणीतला सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. त्याची वेगळी पत्रिका करावी लागेल.